चार सुया आणि ४.५३२

बोअरवेल घेण्याआधी पाण्याचा अंदाज घ्यायला येणारे भूजल सर्वेक्षक शेतात एका रेषेत चार लोखंडी सळ्या ठोकतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून जमिनीत वीज सोडतात आणि आतल्या दोन सळ्यांमधलं व्होल्टेज मोजतात. खाली कोरडा काळा पाषाण आहे की पाणी धरणारा मुरूम, याचा तर्क त्या आकड्यांवरून बांधला जातो. समान अंतरावर चार सळ्या लावायची ही रीत अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधले फ्रँक वेनर यांनी १९१५च्या सुमारास मांडली.

पुढे चाळीसेक वर्षांनी ही मांडणी शेतातून प्रयोगशाळेतल्या टेबलावर आली. १९५४ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधले एल. बी. वाल्डेस यांनी तिचा वापर जर्मेनियमवर केला आणि १९५८ मध्ये तिथल्याच एफ. एम. स्मिट्स यांनी पातळ थरांसाठी लागणारे आकडे कोष्टकात मांडले. सळ्यांच्या जागी आता टंगस्टन कार्बाइडच्या बारीक सुया आहेत आणि दोन सुयांमधलं अंतर अनेकदा जेमतेम एक मिलिमीटर असतं.

या सुया कशासाठी लागतात, ते सोलर सेलच्या कारखान्यात नीट कळतं. तिथे सुमारे १८० मायक्रॉन जाडीची सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, भट्टीत जाते. वेफरमध्ये आधीपासून किंचित बोरॉन मिसळलेलं असतं, त्यामुळे तो पी-प्रकारचा असतो. साधारण ८५० अंश सेल्सिअसला फॉस्फरस त्याच्या पृष्ठभागातून आत मुरतो आणि वरचा जेमतेम ०.४ मायक्रॉनचा थर एन-प्रकारचा होतो. उन्हाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन या थरातून आडवे धावत चांदीच्या बारीक रेघांपर्यंत पोचतात. या रेघांना कारखान्यात फिंगर म्हणतात. थर आडव्या वाटेने विजेला किती अडवतो, हे कळल्याशिवाय फिंगर किती अंतरावर छापायच्या ते ठरत नाही.

हा आडवा विरोध म्हणजे शीट रेझिस्टन्स. शाळेत शिकवलं जातं की रोध लांबीच्या प्रमाणात वाढतो, आणि रुंदी किंवा जाडी वाढली की कमी होतो. थराचा चौरस तुकडा घेतला तर लांबी आणि रुंदी सारखीच, म्हणून दोन्ही एकमेकींना छेदून जातात. उरते ती रोधकता भागिले जाडी. चौरस एक मिलिमीटरचा असो की एक मीटरचा, त्याच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा रोध तोच. म्हणून या राशीचं एकक ‘ओहम प्रति चौरस’ असं सांगतात. असे दहा चौरस एका रांगेत जोडले की रोध दहापट होतो.

मग साध्या मल्टिमीटरच्या दोन टोकांनी काम का भागत नाही? सुईचं टोक सिलिकॉनला अगदी इवल्याशा जागेत टेकतं. त्या जागेचाच रोध शेकडो किंवा हजारो ओहम असू शकतो आणि हात जरा दाबला की तो बदलतो. दोन सुयांचं मीटर हा स्पर्शरोध आणि थराचा रोध एकत्र मोजतं. दोन्ही वेगळे करायची सोय त्यात नाही.

चार सुया असल्या की कामं वाटली जातात. बाहेरच्या दोन सुया फक्त करंट पोचवतात. त्यांच्या टोकाशी कितीही व्होल्टेज खर्ची पडलं, तरी करंटचा स्रोत ठरलेला करंट ढकलत राहतो. आतल्या दोन सुयांना व्होल्टमीटर जोडलेलं असतं आणि ते जवळपास शून्य करंट घेतं. करंटच नाही, तर त्या टोकांच्या स्पर्शरोधावर व्होल्टेज पडणारही नाही. मीटरवर दिसतं ते थरातल्याच दोन बिंदूंमधलं व्होल्टेज.

आता या व्होल्टेजवरून शीट रेझिस्टन्स काढायचा. थर खूप पसरलेला आणि सुयांमधल्या अंतराच्या मानाने खूप पातळ आहे असं धरू. पहिल्या सुईतून शिरलेला करंट तळ्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखा सगळीकडे सारखा पसरतो. सुईपासून जितकं दूर जावं तितका वलयाचा परीघ मोठा, म्हणून करंट तितका विरळ. असा उताराचा हिशेब केला की दोन बिंदूंमधलं व्होल्टेज त्यांच्या अंतरांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर ठरतं. दुसरी सुई पहिलीपासून एक पट अंतरावर आहे आणि तिसरी दोन पट, म्हणजे गुणोत्तर २. करंट शोषून घेणाऱ्या चौथ्या सुईच्या बाजूनेही नेमकं तेवढंच व्होल्टेज मिळतं, कारण मांडणी दोन्हीकडून सारखी आहे. दोन्हींची बेरीज केली की सूत्र हाती येतं:

Rs = (π / ln 2) × (V / I) = ४.५३२ × (V / I)

या सूत्रात सुयांमधलं अंतर कुठेच नाही. अंतर एक मिलिमीटर असो की दीड, तिन्ही फटी समान असल्या की झालं. म्हणून सुया जिथे बसवलेल्या असतात त्या डोक्याची किंमत अंतर किती आहे यावर नाही, ते किती काटेकोर सारखं आहे यावर ठरते.

एका वेफरचं प्रत्यक्ष गणित करून पाहू. भट्टीतून काढल्यावर वेफरवर फॉस्फरसयुक्त काचेचा पातळ थर असतो. तो सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लात धुऊन काढतात, नाहीतर सुया सिलिकॉनऐवजी काचेवर टेकतील. वेफर झाकणाखाली अंधारात ठेवून मधोमध सुया टेकवल्या आणि १ मिलीअँपिअर करंट दिला. मीटरने १७.७२ मिलीव्होल्ट दाखवले. करंटची दिशा उलटी केली तर १७.५८ मिलीव्होल्ट, अर्थात ऋण चिन्हासह. दोन्ही आकड्यांत फरक का? वेगवेगळे धातू जिथे जोडलेले असतात तिथे तापमानातल्या किंचित फरकानेही क्षीण व्होल्टेज तयार होतं आणि करंटची दिशा बदलली तरी ते बदलत नाही. इथे ते ०.०७ मिलीव्होल्ट आहे. दोन्ही आकड्यांची सरासरी घेतली की ते गळून पडतं आणि १७.६५ मिलीव्होल्ट उरतात.

१७.६५ मिलीव्होल्ट भागिले १ मिलीअँपिअर म्हणजे १७.६५ ओहम. त्याला ४.५३२ ने गुणलं की ७९.९९, म्हणजे ८० ओहम प्रति चौरस.

थराची जाडी ०.४ मायक्रॉन, म्हणजे ०.००००४ सेंटिमीटर. तिने ८० ला गुणलं की सरासरी रोधकता ०.००३२ ओहम-सेंटिमीटर येते. सिलिकॉनच्या प्रमाणित आलेखांत या रोधकतेसमोर घन सेंटिमीटरला सुमारे २ × १०^१९ फॉस्फरस अणू दिसतात, म्हणजे अडीच हजार सिलिकॉन अणूंमागे साधारण एक. हा आकडा सरासरी आहे हे विसरून चालत नाही. प्रत्यक्षात पृष्ठभागाजवळ फॉस्फरस दाट आणि खाली विरळ असतो. तो उतार कसा आहे, हे चार सुया सांगू शकत नाहीत.

८० हा आकडा खरा आहे हे कशावरून? एक तपासणी तिथल्या तिथे करता येते. करंट दुप्पट केल्यावर व्होल्टेजही नेमकं दुप्पट व्हायला हवं. तसं झालं नाही तर करंट थराबाहेर कुठेतरी गळतोय किंवा थर तापतोय. दुसरी तपासणी सुयांची कामं बदलून करतात. करंट पहिल्या आणि तिसऱ्या सुईतून द्यायचा आणि व्होल्टेज दुसऱ्या व चौथ्या सुईमध्ये मोजायचं. पसरलेल्या थरावर पहिल्या पद्धतीचा आकडा या दुसऱ्या आकड्याच्या १.२६ पट यायला हवा. आपल्या वेफरवर दुसऱ्या पद्धतीने १४.० ओहमच्या जवळपास यायला हवेत. गुणोत्तर ढळलं तर कडेचा परिणाम तरी आहे, नाहीतर सुयांच्या फटी असमान झाल्या आहेत.

कडेचा परिणाम छोट्या तुकड्यावर हमखास दिसतो. संशोधनासाठी अनेकदा वेफर फोडून एक सेंटिमीटरचा चौरस तुकडा वापरतात. कडेपलीकडे करंटला जागा नाही, म्हणून तो आत दाटतो आणि व्होल्टेज वाढतं. एक मिलिमीटर अंतराच्या सुया अशा तुकड्याच्या मधोमध टेकवल्या, तर स्मिट्स यांच्या कोष्टकानुसार ४.५३२ ऐवजी ४.२२ ने गुणायला हवं. जुनाच गुणक वापरला तर ८० ओहमचा थर ८६ ओहमचा भासेल.

याहून फसवी चूक खालच्या वेफरची. त्याची रोधकता १ ओहम-सेंटिमीटर आहे असं धरलं, तर १८० मायक्रॉन जाडीला त्याचाही शीट रेझिस्टन्स सुमारे ५६ ओहम प्रति चौरस निघतो. म्हणजे मोजायचा थर ८० चा आणि त्याच्या खालचा आधार त्याहूनही चांगला वाहक! करंट खाली उतरत नाही तो मधल्या पी-एन जंक्शनमुळे. सुई जास्त दाबली आणि ०.४ मायक्रॉनचा थर भेदून गेली की ही अडवणूक संपते. दोन्ही थर समांतर जोडले गेले असं मानलं, तर मीटर ८० ऐवजी ३३ पर्यंत उतरू शकतं. म्हणून एकाच जागी दाब वाढवत मोजतात आणि दाबाबरोबर आकडा घसरू लागला की टोकं बोथट करतात किंवा स्प्रिंग हलकी लावतात. अंधाराची गरजही याचमुळे. उजेड पडला की जंक्शन स्वतःच वीज बनवू लागतं आणि त्याची अडवणूक ढिली पडते. दिवा लावून आणि विझवून आकडा बदलतो का, हे पाहिलं की शंका फिटते. एन-प्रकारच्या वेफरवर एन-थर असेल तर मात्र मधे जंक्शनच नाही, आणि ही रीत तिथे वरच्या थराचा आकडा वेगळा देऊ शकत नाही.

कारखान्यात एकाच बिंदूवर न थांबता मधोमध आणि कोपऱ्यांजवळ मोजतात. मध्यभागी ८० आणि एका कोपऱ्यात ८६ दिसले तर भट्टीतल्या वायूचा प्रवाह किंवा तापमान त्या बाजूला कमी पडत असावं. पण आधी एक पाहावं लागतं: कोपऱ्यात सुया कडेच्या फार जवळ टेकल्या असतील, तर भट्टीत काहीच न बिघडताही आकडा वाढतो.

या आकड्यावरून पुढे फिंगरमधलं अंतर ठरतं. थरात वाया जाणारी वीज शीट रेझिस्टन्सच्या प्रमाणात आणि फिंगरमधल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० ओहमचा थर आणि दीड मिलिमीटर अंतर असेल, तर आजच्या नेहमीच्या सेलमध्ये तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे एक टक्का या आडव्या वाटेत जातो. निळा प्रकाश अधिक उपयोगी पडावा म्हणून फॉस्फरस कमी करून थर १२० ओहमवर नेला, तर तोटा एक टक्क्यावरच ठेवायला फिंगर १.२ मिलिमीटरवर आणाव्या लागतात. त्यामुळे चांदी जास्त लागते आणि सेलवर सावलीही जास्त पडते. फॉस्फरस कमी करून झालेला फायदा या खर्चाला पुरतो का, हे त्या फिंगर किती बारीक छापता येतात यावर ठरतं.