पाककृतीच्या ओळीतून बाजाराची यादी

पाककृती साठवणारी आणि आठवड्याच्या जेवणाचे नियोजन करणारी ॲप तीन कामे करतात. पाककृती एका जागी ठेवणे, कोणत्या दिवशी काय करायचे ते कॅलेंडरवर मांडणे आणि त्या मांडणीतून किराणा-भाजीची यादी काढणे. पॅप्रिका, एनीलिस्ट, प्लॅन टु ईट, सॅमसंग फूड, मीली ही या प्रकारातली ओळखीची नावे आहेत. पहिली दोन कामे वही आणि भिंतीवरचे कॅलेंडरही करते. ॲपचा खरा उपयोग तिसऱ्या कामात होतो: पाच पाककृतींमध्ये विखुरलेला कांदा यादीत एका ओळीवर आणणे. ही बेरीज बरोबर येईल की नाही, हे पाककृतीत साहित्याची ओळ कशी लिहिली आहे यावर ठरते. दोनतीन माणसांच्या घरात तर हे लगेच जाणवते, कारण तिथे जास्त आलेली एक जुडीसुद्धा फ्रिजमध्ये सडून जाते.

पाककृती ॲपमध्ये येते कशी

वेबसाइटवरची पाककृती वाचताना दिसते तो मजकूर आणि फोटो. त्याच पानाच्या आत, वाचकाला न दिसणारा, यंत्राने वाचायचा एक तुकडाही बहुतेक वेळा असतो. गुगल, मायक्रोसॉफ्टचे बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग नावाची सामाईक शब्दावली सुरू केली. पाककृतीचे नाव, किती जणांसाठी, साहित्य, कृती हे सगळे कोणत्या नावाखाली लिहायचे हे तीत ठरलेले आहे. पानाच्या आत ते असे दिसते:

```json
{
  "@type": "Recipe",
  "name": "मटकीची उसळ",
  "recipeYield": "4",
  "recipeIngredient": [
    "2 वाट्या मोड आलेली मटकी",
    "3 कांदे, बारीक चिरून"
  ]
}
```

पानाचा पत्ता दिला की ॲप हा तुकडा शोधते आणि पाककृती जशीच्या तशी उचलते. हा तुकडा नसेल तर ॲप अंदाजाने मजकूर वेचते किंवा हात टेकते. मराठी पाककृती बऱ्याचदा यूट्यूबच्या व्हिडिओखाली किंवा व्हॉट्सॲपच्या निरोपात असतात. तिथे ही सोय नसते. तेव्हा साहित्याच्या ओळी हाताने चिकटवाव्या लागतात.

वरच्या उदाहरणात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साहित्याची प्रत्येक ओळ म्हणजे साधे वाक्य आहे. त्यात आकडा कोणता, माप कोणते, वस्तू कोणती हे वेगळे केलेले नाही. ती फोड ॲपला स्वतः करावी लागते आणि चुका होतात त्या तिथेच.

ओळ वाचताना काय चुकते

बहुतेक ॲप इंग्रजी पाककृती डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली आहेत. ओळीच्या सुरुवातीला आकडा, मग माप, मग वस्तू आणि स्वल्पविरामानंतर चिरणे-किसणे अशी तयारी, हा क्रम त्यांना सोयीचा पडतो. ‘अर्धी वाटी’ यातला ‘अर्धी’ शब्द आकडा म्हणून ओळखला जाईलच असे नाही. देवनागरी अंकांचेही तेच. ॲपला ओळ कळली की नाही हे तपासण्याची सोपी युक्ती आहे. पाककृतीचे प्रमाण दुप्पट करून पाहावे. ज्या ओळीतला आकडा बदलला नाही, ती ओळ ॲपला वाचता आलेली नाही. अशा ओळीत 0.5 किंवा 1/2 असा इंग्रजी अंक घातला की काम बहुधा होते.

दुसरी अडचण एकवचन-अनेकवचनाची. इंग्रजीतले अनेकवचन ओळखण्याची सोय काही ॲपमध्ये असते, पण ‘कांदा’ आणि ‘कांदे’ ही तिथे दोन वेगळी नावे ठरतात. तसेच ‘हरभरा डाळ’ आणि ‘चणा डाळ’ या दोन वस्तू होतात. त्यामुळे घरापुरते एक नाव ठरवून सगळीकडे तेच लिहावे लागते. ‘२ कांदा’ हे व्याकरणात बसत नाही, पण बेरजेत बसते. मीलीसारख्या काही ॲपमध्ये वस्तूचे अनेकवचन आणि पर्यायी नावे एकदाच नोंदवून ठेवता येतात.

तिसरी अडचण वस्तूच्या अवस्थेची. पाककृतीत ‘शेंगदाण्याचे कूट’, ‘खवलेला नारळ’, ‘मोड आलेली मटकी’ असते. दुकानातून येतात ते शेंगदाणे, नारळ आणि कोरडी मटकी. एक वाटी कोरड्या मटकीची मोड आल्यावर दोन वाट्यांहून अधिक मटकी होते. म्हणजे ‘२ वाट्या मोड आलेली मटकी’ ही ओळ तशीच यादीत आली आणि तेवढीच कोरडी मटकी आणली, तर ती दुपटीने जास्त होते. यावर उपाय म्हणजे विकत आणायची वस्तू आधी आणि तिचे पुढचे रूप स्वल्पविरामानंतर लिहिणे: ‘१ वाटी मटकी, मोड आणून’. स्वल्पविरामानंतरचा भाग बरीच ॲप टीप म्हणून बाजूला ठेवतात.

एका आठवड्याचे उदाहरण

पुण्यातल्या दोन माणसांच्या घराचा विचार करू. दोघेही नोकरी करतात, भाजी-किराणा रविवारी येतो आणि ठरवायची आहेत ती पाच संध्याकाळची जेवणे. चौघांसाठीच्या पाककृती ॲपमध्ये निम्म्या केल्यावर मांडणी अशी होते:

- सोमवार, मुगाची खिचडी: १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, १ कांदा, १ टोमॅटो
- मंगळवार, भेंडीची भाजी आणि आमटी: पाव किलो भेंडी, अर्धी वाटी तूरडाळ, १ कांदा, १ टोमॅटो
- बुधवार, मटकीची उसळ: १ वाटी मटकी, २ कांदे, १ टोमॅटो
- गुरुवार, पालकाची पातळ भाजी: १ जुडी पालक, २ चमचे हरभरा डाळ, २ चमचे शेंगदाणे, ताक
- शुक्रवार, पिठले-भाकरी: अर्धी वाटी बेसन, २ कांदे

ही मांडणी यादीत उतरवली की टोमॅटो एका ओळीत ३ येतात, कारण त्याचे अनेकवचन सारखेच आहे. कांद्याच्या मात्र दोन ओळी निघतात: ‘कांदा २’ आणि ‘कांदे ४’. नाव एकसारखे केले की ६ ही खरी बेरीज मिळते. पालक सोडून बाकी चारही जेवणांत ‘थोडी कोथिंबीर’, ‘वरून कोथिंबीर’ असे काही लिहिलेले असेल तर तिच्याही चार ओळी होतात. तिथे आकडा घालण्यात अर्थ नाही. सगळीकडे नुसते ‘कोथिंबीर’ लिहिले की एक ओळ उरते आणि एक जुडी आणायची हे कळते.

यादी बरोबर आली तरी मांडणीत एक दोष आहे, आणि तो ॲप दाखवत नाही. रविवारी आणलेला पालक गुरुवारपर्यंत टिकवणे कठीण असते. पालक आणि खिचडी यांची अदलाबदल केली की प्रश्न सुटतो. खिचडीच्या डाळ-तांदळाला घाई नसते. पालेभाजी आठवड्याच्या सुरुवातीला, मग भेंडीसारख्या फळभाज्या आणि शेवटी कडधान्य-पिठाचे पदार्थ, असा क्रम लावला की एका खरेदीत आठवडा निघतो. मटकीला मोड आणायचे तर ती सोमवारी रात्री भिजवून मंगळवारी सकाळी फडक्यात बांधायला हवी. कॅलेंडरवर सोमवारच्या खान्यात ‘मटकी भिजत घालणे’ अशी नोंद स्वतःच करून ठेवावी लागते.

निम्मे करण्यालाही मर्यादा आहे. डाळ-तांदूळ, भाज्या यांचे प्रमाण सरळ निम्मे होते. फोडणीचे तेल, कुकरच्या तळाचे पाणी आणि पातळ पदार्थ आटवायचा वेळ तसे होत नाहीत, कारण ते भांड्याच्या आकारावरही अवलंबून असतात. दोघांचे योग्य प्रमाण एकदा हाती लागले की मूळ पाककृतीच दोघांसाठी लिहून ठेवणे सोयीचे.

वाटीपासून किलोपर्यंत

ॲपची यादी सांगते ती स्वयंपाकाला लागणारी मात्रा. दुकानात वस्तू मिळते ती खरेदीच्या मापात. अर्धी वाटी तूरडाळ कोणी विकत आणत नाही. डाळ अर्धा किंवा एक किलो येते आणि काही आठवडे पुरते. मराठी पाककृतींचे माप मुख्यतः वाटी-चमच्यांचे असते आणि प्रत्येक घरची वाटी वेगळी असते, म्हणून ॲप वाटीचे ग्रॅम स्वतःहून करू शकत नाही. घरातली रोजची वाटी एकदा तांदूळ, डाळ आणि बेसन भरून वजनकाट्यावर ठेवली आणि आलेली वजने ॲपमधल्या टिपेत लिहिली की ती तूट भरून निघते.

घरात असलेल्या वस्तूंसाठी बऱ्याच ॲपमध्ये साठ्याचा वेगळा विभाग असतो. तिथे ‘तूरडाळ ७०० ग्रॅम’ असे आकडे भरण्याचा मोह होतो. पण रोजच्या स्वयंपाकात वापरलेली मात्रा कोणी वजा करत नाही आणि पंधरा दिवसांत नोंद आणि डबा यांचा मेळ राहत नाही. ‘आहे’ किंवा ‘संपत आली’ एवढीच नोंद टिकते. पाककृतीचे साहित्य यादीत टाकण्याआधी ॲप बहुधा सगळ्या ओळी दाखवते. डब्यात असलेल्या वस्तूंवरची खूण तेव्हा काढून टाकावी.

पाककृतीत न येणाऱ्या वस्तू यादीत आपोआप येत नाहीत. दूध, चहा, साखर, पोळ्यांची कणीक, भांड्यांचा साबण या रोजच्या गोष्टींची एक कायमची यादी वेगळी करून दर रविवारी मूळ यादीत मिसळावी लागते. यादीचे विभागही बदलून घेता येतात. ॲपमधले तयार विभाग सुपरमार्केटच्या रांगांप्रमाणे असतात. त्याऐवजी भाजीवाला, वाणी, डेअरी आणि गिरणी असे विभाग केले की यादी घरच्या फेरीच्या क्रमाने लागते.

ॲप निवडताना

दोघांच्या घराला आधी पाहायचे ते यादी दोन फोनवर एकाच वेळी दिसते का. एकाने वाण्याकडे ‘तांदूळ’ खोडला की दुसऱ्याच्या फोनवरही तो खोडलेला दिसला पाहिजे. एनीलिस्टमध्ये यादी दुसऱ्या व्यक्तीला जोडता येते. पॅप्रिकामध्ये दोघे एकच खाते वापरतात. मीली मुक्त स्रोत आहे, पण ती स्वतःच्या संगणकावर किंवा सर्व्हरवर चालवावी लागते.

त्यानंतर पाहायचे ते साठवलेल्या पाककृती बाहेर काढता येतात का. या क्षेत्रात ॲप बंद होतात आणि हात बदलतात. व्हिस्क हे ॲप सॅमसंगने विकत घेतले आणि २०२३ मध्ये त्याचे सॅमसंग फूड झाले. व्हर्लपूलच्या मालकीचे यम्ली २०२४ च्या अखेरीस बंद झाले. पॅप्रिकामधून पाककृती एचटीएमएल स्वरूपात काढता येतात आणि त्या कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतात. निवडलेल्या ॲपमध्ये अशी सोय आहे का, हे पहिल्या चारपाच पाककृती भरल्यावरच करून पाहावे. दीडशे पाककृती दुरुस्त करून झाल्यावर ती सोय नाही असे कळले, तर सगळ्या ओळी पुन्हा हाताने लिहाव्या लागतात.