चार किलोमीटरमागे चार ॲटोमीटर

गुरुत्वीय लहर एखाद्या ठिकाणाहून जाते, तेव्हा तिथल्या दोन मोकळ्या वस्तूंमधले अंतर किंचित वाढते, किंचित घटते आणि लहर ओसरली की पूर्ववत होते. हा बदल सगळीकडे सारखा नसतो. अंतर दुप्पट असेल तर बदलही दुप्पट होतो, दहापट असेल तर दहापट. म्हणून लहर किती जोरकस आहे हे मीटरमध्ये सांगून भागत नाही. मूळ अंतराचा कितवा भाग बदलला, हे सांगावे लागते. या गुणोत्तराला स्ट्रेन म्हणतात. ते h या अक्षराने दाखवतात आणि त्याला एकक नसते. लहर पकडणाऱ्या यंत्राच्या भुजेची लांबी L असेल, तर मोजायचा बदल असा मिळतो:

ΔL = h × L

सूत्र शाळकरी गुणाकाराचे आहे. अडचण h च्या आकारात आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. एक वेधशाळा लुइझियाना राज्यात लिव्हिंग्स्टन इथे, दुसरी वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड इथे. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. एक सूर्याच्या सुमारे ३६ पट वस्तुमानाचे, दुसरे २९ पट. त्या टकरीत सुमारे तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने बाहेर पडले. एवढा उत्पात होऊनही ती लहर पृथ्वीवर पोचली, तेव्हा तिचा सर्वांत मोठा स्ट्रेन होता h = 10⁻²¹, म्हणजे एक भागिले एकावर एकवीस शून्ये.

लायगोची प्रत्येक भुजा ४ किलोमीटरची, म्हणजे ४,००० मीटरची. गुणाकार केला की ΔL = 4 × 10⁻¹⁸ मीटर येते. मीटरच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा अब्जावा भाग घेतला, तर त्याला ॲटोमीटर म्हणतात. या मापात उत्तर सुटसुटीत होते: ४ ॲटोमीटर. प्रोटॉनचा व्यास सुमारे १,७०० ॲटोमीटर असतो. म्हणजे मोजायचा बदल प्रोटॉनच्या चारशेव्या हिश्शाएवढा.

हे ४ ॲटोमीटर एकाच भुजेत होत नाहीत. लायगोच्या दोन भुजा एकमेकींशी काटकोन करतात. लहर थेट डोक्यावरून आली आणि तिची दिशा भुजांशी नेमकी जुळली, तर एक भुजा २ ॲटोमीटरने लांबते आणि त्याच क्षणी दुसरी २ ॲटोमीटरने आखडते. यंत्र मोजते तो दोन्ही भुजांतला फरक. लहर तिरकी आली तर हा फरक आणखी कमी भरतो.

आरशाचा पृष्ठभाग अणूंचा बनलेला आणि अणू तर प्रोटॉनहून लाखपट मोठा. मग आरशाची जागा एवढ्या बारकाईने ठरणार कशी, ही शंका रास्त आहे. उत्तर सरासरीत आहे. लेसरचा झोत एका अणूवर पडत नाही. आरशावर त्याचा ठिपका सुमारे १२ सेंटीमीटर रुंद असतो आणि परतणारा प्रकाश त्या ठिपक्यातल्या असंख्य अणूंची सरासरी जागा घेऊन येतो. एकेक अणू कुठेही थरथरत असला, तरी ही सरासरी कमालीची स्थिर असते.

प्रकाशाचेही तसेच. इंटरफेरोमीटरमध्ये लेसरचा झोत दोन भागांत विभागून दोन भुजांमध्ये पाठवतात आणि परत आल्यावर एकमेकांत मिसळतात. भुजांच्या लांबीत फरक पडला की दोन्ही झोतांच्या तरंगांचे जुळणे बदलते आणि बाहेर पडणारा प्रकाश कमीजास्त होतो. तो मोजायचा म्हणजे अखेर फोटॉन मोजायचे, आणि फोटॉन कधी एका तालात येत नाहीत. N फोटॉन अपेक्षित असतील, तर मोजणीत N च्या वर्गमुळाएवढी चढउतार होतेच. हा शॉट नॉईज. तो जेवढा जास्त, तेवढी मोजणी धूसर.

२०१५ मध्ये लायगोच्या यंत्रात सुमारे २० वॉटचा लेसर जात होता आणि त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर होती. एवढाच लेसर घेऊन आणि प्रत्येक भुजेत एकच फेरी करून मोजले, तर सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे एकावर अठरा शून्ये इतके फोटॉन येतात. त्यांचे वर्गमूळ काढून हिशेब केला की अंतराच्या मोजणीत सुमारे ८० ॲटोमीटरची धूसरता उरते. शोधायचे होते ४.

इथे पहिली युक्ती येते. प्रत्येक भुजेच्या दोन टोकांना समोरासमोर आरसे टांगून त्यांच्यामध्ये प्रकाश कोंडून ठेवतात. तो पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालतो आणि भुजेतला बदल प्रत्येक फेरीगणिक त्याच्या तरंगावर चढत जातो. लायगोत हा परिणाम सुमारे ३०० पट होतो. ४ किलोमीटरची भुजा जणू १,२०० किलोमीटरची होते. ८० ॲटोमीटरची धूसरता पाव ॲटोमीटरच्या आसपास उतरते. लेसरकडे परत निघालेला प्रकाश आणखी एका आरशाने पुन्हा आत वळवला की २० वॉटचे सुमारे ७०० वॉट होतात आणि धूसरता आणखी सहाएक पटींनी घटते. ४ ॲटोमीटरचा बदल आता दिसू लागतो.

मग साहजिकच प्रश्न येतो: फेऱ्याच वाढवायच्या असतील तर ४ किलोमीटर तरी कशाला? चार मीटरच्या खोलीत तीन लाख फेऱ्या केल्या की तेच १,२०० किलोमीटर! लांबीचे खरे कारण या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि फेऱ्यांच्या कौतुकात नेमके तेच निसटते.

फेऱ्या वाढवल्याने वाढतो तो प्रकाशावरचा परिणाम. आरशांमधल्या अंतराचा खरा बदल मुळीच वाढत नाही. चार मीटरच्या भुजेत तो ०.००४ ॲटोमीटरच राहणार. आणि आरसे स्वतः स्वस्थ नसतात. त्यांच्यावरच्या परावर्तक थराचे अणू उष्णतेने हलतात, टांगणाऱ्या तंतूंतही उष्णतेची थरथर असते, जमिनीचे कंपन कितीही अडवले तरी थोडे पोचते आणि खुद्द लेसरचा दाबही आरशाला ढकलतो. यांपैकी एकट्या परावर्तक थराची थरथर सेकंदाला शंभरच्या आसपासच्या कंपनांत ०.१ ॲटोमीटरच्या घरात जाते. आरसे कितीही जवळ आणले, तरी ती कमी होत नाही.

आता दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून पाहावीत. चार किलोमीटरच्या भुजेत लहरीचे ४ ॲटोमीटर आणि थराची थरथर ०.१, म्हणजे लहर चाळीस पटींनी वर. चार मीटरच्या भुजेत लहर ०.००४ आणि थरथर तीच ०.१, म्हणजे लहर पंचवीस पटींनी खाली. प्रकाशाच्या प्रत्येक फेरीबरोबर लहरीचा बदल मोजला जातो, तशी आरशाची थरथरही मोजली जाते. तीन लाख फेऱ्यांनी दोन्ही तीन लाख पट मोठी होतात आणि त्यांचे प्रमाण जागचे हलत नाही. शिवाय दर फेरीला लाखातले पाच-दहा फोटॉन आरशांत हरवतात. तीन लाख फेऱ्यांनंतर मोजायला प्रकाशच उरणार नाही. फेऱ्यांनी शॉट नॉईजवर मात होते, आरशाच्या थरथरीवर होत नाही. तिच्यावर उपाय दोनच: आरसे अधिक शांत करणे आणि भुजा लांब करणे.

आरसे शांत करण्यासाठी लायगोने पुष्कळ केले आहे. प्रत्येक आरसा ४० किलोच्या शुद्ध सिलिकाचा आहे आणि तो चार टप्प्यांच्या लंबकाला, शेवटी काचेच्याच तंतूंनी टांगलेला आहे. झोताचा ठिपका मोठा ठेवण्यामागेही हेच कारण: ठिपका रुंद तेवढी थराच्या थरथरीची सरासरी अधिक चांगली. पण यातली प्रत्येक सुधारणा काही पटींचीच असते. लांबीने एकदम हजारपट मिळते.

लांबीचा उपयोग खरे-खोटे पारखण्यासाठीही करता येतो. जुन्या लायगोत हॅनफर्डच्या एकाच निर्वात नळीत दोन इंटरफेरोमीटर होते, एक ४ किलोमीटरचा आणि एक २ किलोमीटरचा. खरी लहर असेल तर लहान यंत्रात बदल बरोबर निम्मा दिसायला हवा. जमिनीच्या हादऱ्याला किंवा विजेच्या धक्क्याला हे प्रमाण पाळण्याचे कारण नाही.

मग भुजा शंभर किलोमीटरची का नाही? पहिली आडकाठी पृथ्वीची. प्रकाश सरळ जातो, जमीन वाकते. ४ किलोमीटरमध्ये ती सुमारे सव्वा मीटर खाली जाते. तेवढ्यासाठीसुद्धा लायगोच्या बांधकामात दुरुस्ती करावी लागली. हा फरक लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणून ४० किलोमीटरला तो सुमारे १२५ मीटर होतो. अमेरिकेत विचाराधीन असलेल्या कॉस्मिक एक्सप्लोररच्या भुजा तेवढ्या लांब योजल्या आहेत आणि त्यासाठी मधोमध किंचित खोलगट जमीन सोयीची. झोतही अंतरागणिक पसरतो, म्हणून आरसे मोठे हवेत. सव्वा मीटर व्यासाच्या नळ्यांतली हवा काढून ती निर्वात ठेवण्याचा खर्च तर दर किलोमीटरला वाढतच जातो.

दुसरी मर्यादा लहरीची आहे. सेकंदाला २५० कंपने असलेली लहर ४ मिलिसेकंदांत एक आवर्तन पुरे करते. प्रकाश त्याहून जास्त वेळ भुजेत राहिला, तर आधी ताणलेले अंतर तो परतण्याआधीच आखडते आणि त्याच्यावर चढलेला परिणाम पुसला जातो. १,२०० किलोमीटरपर्यंत जाऊन येण्याला ८ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे लायगोत बाहेर पडण्याच्या वाटेवर आणखी एक आरसा बसवून जलद कंपनांचा संकेत वेळेत बाहेर काढावा लागतो.

मराठी वाचकांना यातले एक यंत्र जवळ पडेल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाच्या भुजाही ४ किलोमीटरच्याच असतील. केंद्र सरकारने २०२३ मध्ये या प्रकल्पाला मंजुरी दिली. तिथे लांबी वाढवून घ्यायला वाव नाही. यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेतून यायचे आहेत. हॅनफर्डच्या जुन्या २ किलोमीटरच्या यंत्राची जागा घेण्यासाठी ते तयार केले होते, आणि त्यातल्या आरशांची वक्रता ४ किलोमीटर अंतरासाठीच घासलेली आहे.