किराण्याचा नफा कुठे जातो?

हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेली पाच बलांची चौकट एकाच प्रश्नाचा शोध घेते: उद्योगातला नफा त्यातल्या कंपन्यांच्या हाती राहतो, की दुसरेच कोणी तो घेऊन जाते? त्यामुळे केस स्टडीच्या उत्तरात आधी उद्योगाची सीमा आखावी लागते. इथे ती भारतीय शहरांतील किराणा सुपरमार्केटांपुरती आहे. उदाहरण डी-मार्टचे, ज्याचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईत उघडले.

पहिले बल ग्राहकाचे. तेलाची तीच पिशवी चार दुकानांत मिळते आणि तिच्यावर छापील किंमत असते. दुकान बदलायला ग्राहकाला काहीच खर्च येत नाही. एकटा ग्राहक घासाघीस करत नाही, पण पाच रुपये स्वस्त मिळाले की पुढच्या दुकानात जातो. म्हणून हे बल मोठे.

पुरवठादारांचे बल सरसकट ठरवता येत नाही. सुट्टी डाळ अनेक व्यापाऱ्यांकडून घेता येते. नावाजलेली टूथपेस्ट मात्र ठेवावीच लागते. डी-मार्ट पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्या बदल्यात सूट मिळवते. जागेचा मालक हाही पुरवठादारच, आणि उत्तरांत नेमका तोच राहून जातो. फ्यूचर समूहाचे भाडे थकले होते. अनेक दुकानांचे भाडेकरार रिलायन्सने आपल्या नावावर घेतले होते. २०२२ मध्ये रिलायन्सने ती दुकाने ताब्यात घेतली. डी-मार्टची बहुतेक दुकाने मात्र स्वतःच्या जागेत आहेत.

नव्या स्पर्धकांचा धोका दुकानाच्या आकारावर ठरतो. किराण्याचे छोटे दुकान थोड्या भांडवलात उघडते. शेकडो दुकानांची साखळी उभारायला जागा, गोदामे आणि घाऊक खरेदीचा आवाका लागतो. परकी साखळीला अनेक ब्रँड विकायचे असतील, तर २०१२ च्या धोरणानुसार ५१ टक्क्यांची मर्यादा आणि राज्याची संमती आड येते. सरकार हे सहावे बल नव्हे. त्याचे नियम या पाचांवर परिणाम करतात.

पर्यायाच्या बाबतीत सीमा कामी येते. उद्योग सुपरमार्केटचा धरला, तर कोपऱ्यावरचा उधारी देणारा वाणी आणि दहा मिनिटांत घरपोच माल देणारे ॲप हे पर्याय ठरतात. उद्योग एकूण किराणा विक्रीचा धरला, तर तेच थेट स्पर्धक होतात. दोन्ही मांडण्या चालतात, पण एकाच उत्तरात दोन्ही ठिकाणी त्यांना मोजले की विश्लेषण फसते.

उरते आपसांतली स्पर्धा. माल सारखाच, भाडे-पगार ठरलेले. त्यामुळे विक्री घटली की प्रत्येक साखळी किंमत उतरवते आणि नफा ग्राहकाकडे जातो.

थोडक्यात, ग्राहक, पर्याय आणि आपसांतली स्पर्धा ही तीन बले मोठी, पुरवठादारांचे मध्यम, तर मोठ्या साखळीच्या प्रवेशाचा धोका कमी. अशा उद्योगात चढ्या किमतीवर नफा टिकत नाही. तो खर्च कमी ठेवूनच मिळतो, आणि स्वतःची जागा व लवकर चुकती केलेली बिले हे डी-मार्टचे त्यावरचे उत्तर आहे.