खाडाखोडीचा कागद घेऊन या

प्रिय विद्यार्थ्यांनो,

अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या वेळापत्रकात ‘ऑफिस अवर्स’ दिसलं की भारतातून आलेल्या बऱ्याच मुलांना वाटतं, ही सरांच्या कामाची वेळ, आपण मध्ये जाऊ नये. उलट ते दोन-तीन तास दर आठवड्याला तुमच्या शंकांसाठीच राखलेले असतात.

मागे एक मुलगी कॅल्क्युलसच्या दुसऱ्या परीक्षेनंतर आली. म्हणाली, “सर, मला डेरिव्हेटिव्ह जमतच नाही.” मी तिला एक गणित फळ्यावर सोडवायला सांगितलं. नियम सगळे बरोबर होते. पण मध्येच तिने √(x² + ९) चं x + ३ करून टाकलं. मी म्हटलं, “x च्या जागी ४ घालून बघ.” एकीकडे √२५, म्हणजे ५ आले, दुसरीकडे ७. ती बघतच राहिली. चूक शाळेतल्या बीजगणितातली होती आणि दोन महिने तिचे गुण खात होती. उत्तरपत्रिकेवर नुसती फुली दिसते. पाय कुठे घसरतो, ते सोडवताना पाहिल्यावरच कळतं.

म्हणून “काहीच कळत नाही” एवढंच घेऊन येऊ नका. जिथे अडलात तो कागद खाडाखोडीसकट आणा. एकाच प्रकारच्या गणितात दोनदा अडलात की त्याच आठवड्यात या. विषय सोडायची मुदत उलटल्यावर माझ्याही हातात फारसं उरत नाही. त्या वेळेत दुसरा वर्ग असेल, तर ईमेल करून वेगळी वेळ मागा. मात्र गृहपाठ मी सोडवून देणार नाही. खडू तुमच्याच हातात असेल.

तुमचे,
गणिताचे सर