नखाशेजारची फट

शरीरातून जिथे एखादी कडक वस्तू बाहेर डोकावते, तिथे कातडीला एक अवघड सांधा जुळवावा लागतो. नखापाशी तर तो फारच अवघड आहे. नखाचा पत्रा निर्जीव, त्याला तिन्ही बाजूंनी वेढणारी कातडी जिवंत. आणि पत्रा एका जागी थांबतही नाही, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकत असतो. सरकणाऱ्या वस्तूभोवतीची फट बंद ठेवायची कशी? नखाच्या मुळाशी जो पातळ पापुद्रा दिसतो, तो हे काम करतो. त्याला क्युटिकल म्हणतात. तो नखाला घट्ट चिकटतो, नखाबरोबर थोडा पुढे जातो, झडतो, आणि मागून नवा येत राहतो. सुतार खिडकीच्या काचेभोवती लांबी भरतो ना, तसंच हे. फक्त इथे काच सतत सरकते आणि लांबी आपली आपण भरली जाते.

ही फट आपण उघडतो. बहुतेक वेळा दातांनी.

समजा, परीक्षेच्या दिवसांत पुस्तकात डोकं घातलेल्या एका मुलाने तर्जनीच्या नखाकडेचं सुटलेलं सालपट दातांत धरून ओढलं. सालपट तुटताना जिवंत कातडीही थोडी सोलली गेली. थेंबभर रक्त आलं, त्याने बोट चोखलं आणि विसरून गेला. एकदोन दिवसांत नखाची ती कड लाल, गरम आणि सुजलेली. कंपासपेटी उघडतानाही कळ जाते. घरात निदान व्हायला वेळ लागत नाही: नखुरडं झालंय.

आत काय झालं असेल? नखुरड्यात सर्वाधिक वेळा सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ज्याला नाव दिलं, त्याच कुळातला. तो कुठून दूरचा येत नाही. कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात तो सुखाने राहतो, तिथून बोटांवर येतो. पण आपल्या मुलाने बोट चावलंय, म्हणजे त्याच्या जखमेत तोंडातले जंतूही गेले. त्यांतले काही हवेशिवाय वाढणारे असतात, आणि नखाखालची बंद, ओली फट त्यांना मानवते. म्हणून डॉक्टरांना ‘चावलं होतं’ हे लाजून न लपवता सांगावं. प्रतिजैविक द्यायचंच ठरलं तर कोणतं द्यायचं, हे त्यावर बदलू शकतं.

एवढ्याशा सुजेचा इतका ठणका का, याचं उत्तर जागेत आहे. पोटावर किंवा मांडीवर सूज आली तर तिला पसरायला जागा असते. नखाकडेला एका बाजूला कडक नख, खाली लगेच हाड आणि मध्ये मज्जातंतूंची दाटी. थोडा द्रव साचला तरी दाब वाढतो, आणि हृदयाचा प्रत्येक ठोका बोटात मोजता येतो.

या टप्प्यावर, म्हणजे लाली आहे पण पू साचलेला नाही तोवर, साधं कोमट पाणी पुष्कळ काम करतं. बाळाच्या अंघोळीला चालेल इतपत ऊन पाणी घ्यायचं, बोट त्यात १० ते १५ मिनिटं बुडवायचं, असं दिवसातून तीनचार वेळा. उष्णतेने तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्ताबरोबर पांढऱ्या पेशींची कुमक वाढते. शिवाय भिजलेली कातडी मऊ होऊन ताण कमी होतो. मीठ घातलं तरी हरकत नाही, पण खरं काम उष्णतेचं आहे. नंतर बोट नीट कोरडं करायचं. मधुमेहामुळे ज्यांच्या हाताला बधिरता आहे, त्यांनी पाण्याचा अंदाज दुसऱ्याकडून घ्यावा, नाहीतर नखुरड्यावर भाजल्याची भर.

आजी मात्र म्हणणार, “लिंबाला भोक पाडून बोट घाल रे त्यात.” अख्ख्या महाराष्ट्राने कधी ना कधी बोटात लिंबाची टोपी घातलेली आहे. त्या थंडाव्याने बरं वाटत असेलही. पण सोललेल्या कातडीला आंबट रस झोंबतो, आणि साचलेला पू लिंबू काही ओढून काढत नाही.

मुलाने शेक घेतला, तरी चौथ्या दिवशी कडेला पिवळसर फुगवटा दिसू लागला. हा पू म्हणजे बहुतांशी जंतूंशी झुंजून मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्याची हिरवट झाक जंतूंचीच असते असं नाही. त्या पेशींमध्ये एक हिरवं, लोहयुक्त विकर असतं. त्याच्या मदतीने या पेशी चक्क धुलाईच्या ब्लीचमधला जंतुनाशक रेणू तयार करतात. आपल्या बोटाच्या टोकाला हा कारखाना चालू असतो, आणि आपल्याला कळतो फक्त ठणका!

पण पू एकदा कप्प्यात साठला की शेकाची मर्यादा येते. तिथे रक्त पोचत नाही, त्यामुळे गोळ्यांमधलं औषधही नीट पोचत नाही. पू आहे की नुसती सूज, हे नेहमी डोळ्यांनी कळत नाही. डॉक्टर तेव्हा एक युक्ती करतात: बोटाच्या पोटाकडून, म्हणजे नखाच्या विरुद्ध बाजूने, हलकेच दाबतात. नखाकडेला स्पष्ट कडांचा फिकट डाग उमटला, तर त्याखाली पू साठलेला असतो.

मग येतो मला सर्वांत आवडणारा भाग. पू काढायला अनेकदा जिवंत कातडी कापावीच लागत नाही. बोट आधी भिजवून मऊ करतात. मग डॉक्टर बारीक पातं किंवा जाड सुई नखाला समांतर, आडवी धरतात आणि नख व कातडी यांच्यामधल्या फटीतून आत सरकवून कातडीची कड अलगद उचलतात. जंतू जिथून शिरले, त्याच वाटेने पू बाहेर. वरची पिवळी पडलेली कातडी मेलेली असेल तर भूल न देताही हे होतं. नाहीतर बोट बधिर करतात. दाब गेला की ठणका त्या क्षणी उतरतो. पू पूर्ण निघाला आणि लाली आजूबाजूला पसरलेली नसेल, तर बऱ्याचदा प्रतिजैविकही लागत नाही. आणखी एकदोन दिवस शेक पुरतो. पू नखाखाली गेला असेल तर मात्र नखाची एक पट्टी काढावी लागते, आणि नवं नख पूर्ण यायला सहाएक महिने जातात.

हे वाचून घरची सुई गॅसवर तापवायचा मोह टाळावा. एक कारण असं, की नखाशेजारी पाणीदार, बारीक फोडांचा घोळका असेल तर तो नागिणीच्या भाऊबंदांतला हर्पिस विषाणू असू शकतो. त्यात पू नसतोच आणि टोचल्याने नुकसान होतं. शेकाने दोन दिवसांत उतार पडला नाही, लाली बोटावर चढू लागली, ताप आला, किंवा मधुमेह असेल, तर वाट पाहू नये. बोटाचं पोटच टणक होऊन ठणकू लागलं, किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. संसर्ग आत खोल, कदाचित स्नायुबंधाच्या आवरणात, गेलेला असू शकतो.

आणि एक वेगळंच नखुरडं असतं, सहा आठवड्यांहून जास्त रेंगाळणारं. दिवसभर भांडी घासणाऱ्या, मासे साफ करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या हातांना ते होतं. पाण्याने आणि साबणाने क्युटिकल झिजून नाहीसं होतं, फट उघडीच राहते, आणि आतली कातडी जंतूंपेक्षा या रोजच्या त्रासानेच सुजत राहते. इथे कोमट पाण्याचा शेक उलटा पडतो. हात कोरडे ठेवायचे, आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घालायचे, आणि डॉक्टरांनी दिलेलं सूज उतरवणारं मलम नेमाने लावायचं. तरी क्युटिकल पुन्हा नखाला चिकटायला काही महिने लागतात.