द्विसंकराची चौकट आणि तिचा समास
(लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात आपण वाटाण्याच्या एकाच लक्षणाचा विचार केला, आणि गोल व सुरकुतलेल्या बियांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत तीनास एक हे प्रमाण कसे प्राप्त होते ते पाहिले. आता बीचा आकार आणि बीचा रंग अशी दोन लक्षणे एकाच वेळी हिशेबात घ्यावयाची आहेत. केंब्रिज येथील रेजिनाल्ड पनेट यांच्या नावाने ओळखली जाणारी सोळा घरांची चौकट याच कामासाठी वापरतात. या चौकटीत ज्या चुका होतात त्यांपैकी बहुतेक घरे भरताना होत नाहीत, तर त्यापूर्वीच, वरच्या आणि डावीकडच्या समासात युग्मके लिहिताना झालेल्या असतात. म्हणून प्रथम समासाकडेच लक्ष देऊ.

गोल आकाराचे प्रभावी जनुक R व सुरकुतलेल्या आकाराचे अप्रभावी जनुक r, त्याचप्रमाणे पिवळ्या रंगाचे प्रभावी जनुक Y व हिरव्या रंगाचे अप्रभावी जनुक y असे मानू. शुद्ध गोल-पिवळा वाटाणा RRYY आणि शुद्ध सुरकुतलेला-हिरवा वाटाणा rryy यांच्या संकरातून पहिल्या पिढीची सर्व संतती RrYy या एकाच जनुकविधेची निपजते आणि दिसावयास गोल व पिवळी असते. या RrYy झाडाचे स्वपरागण झाले म्हणजे त्याच्या परागांत आणि बीजांडांत कोणकोणती युग्मके असतील, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर एका नियमात सामावते: युग्मकात प्रत्येक लक्षणाच्या जोडीपैकी एक, आणि एकच, जनुक असते. ज्याने समासात Rr आणि Yy असे लिहिले, त्याने एका लक्षणाची दोन्ही जनुके एकाच युग्मकात कोंबली आणि दुसऱ्या लक्षणाचे एकही त्यात ठेवले नाही. ज्याने R, r, Y, y अशी चार सुटी अक्षरे चार रकान्यांवर मांडली, त्याचे रकाने संख्येने बरोबर असले तरी त्याचे प्रत्येक युग्मक अर्धवट राहिले. योग्य रीत अशी की आधी R घ्यावा आणि त्याच्यासमवेत प्रथम Y व मग y जोडावा. नंतर r घेऊन तसेच करावे. अशा रीतीने RY, Ry, rY आणि ry ही चार युग्मके मिळतात, आणि R ची सोबत Y ने करावी की y ने याविषयी कोणताच पक्षपात नसल्यामुळे ही चारही सारख्याच प्रमाणात निर्माण होतात. झाड RrYY असते, तर दुसऱ्या लक्षणाच्या बाबतीत निवडीस वाव नसल्याने RY आणि rY अशी दोनच प्रकारची युग्मके झाली असती. तेथे चार रकाने आखण्याचे प्रयोजन नाही.

या चारही युग्मकांना समान मान देण्यास आधार काय, असे कोणी विचारील, तर त्याचा दाखला खुद्द मेंडेल यांच्या १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातच आहे. त्यांनी RrYy झाडाचा संकर rryy झाडाशी केला. दुसऱ्या झाडाचे युग्मक केवळ ry असल्याने ते संततीच्या स्वरूपावर कोणतेही आवरण घालीत नाही, आणि जी बी जशी दिसते तसेच संकरित झाडाचे युग्मक होते असे निःशंकपणे म्हणता येते. अशा एका प्रयोगातील ११० बियांची चार प्रकारांत विभागणी ३१, २७, २६ आणि २६ अशी झाली. समासातील चार जोड्या समभाग असल्याची याहून सरळ साक्ष मिळणे कठीण.

समास असा निश्चित झाला म्हणजे घरे भरणे हे केवळ लेखनिकाचे काम उरते. वरच्या युग्मकातील आणि डावीकडच्या युग्मकातील अक्षरे एकत्र आणावी, मात्र ती लिहिताना आकाराची दोन प्रथम आणि रंगाची दोन नंतर, आणि प्रभावी अक्षर आधी, हा क्रम मोडू नये. नाहीतर पुढे मोजणी करताना एकच जनुकविधा दोन निरनिराळ्या वेषांत समोर येते.

| | RY | Ry | rY | ry |
|---|---|---|---|---|
| RY | RRYY | RRYy | RrYY | RrYy |
| Ry | RRYy | RRyy | RrYy | Rryy |
| rY | RrYY | RrYy | rrYY | rrYy |
| ry | RrYy | Rryy | rrYy | rryy |

आता वाचन. प्रत्येक घराला दोनच प्रश्न विचारावयाचे: त्यात निदान एक R आहे काय, आणि निदान एक Y आहे काय? दोहोंचे उत्तर होकारार्थी असलेली, म्हणजे गोल-पिवळी, घरे नऊ भरतात. R आहे पण Y नाही अशी, म्हणजे गोल-हिरवी, घरे तीन. Y आहे पण R नाही अशी, म्हणजे सुरकुतलेली-पिवळी, घरेही तीन. आणि दोन्ही नसलेले सुरकुतलेले-हिरवे घर एकच, अगदी शेवटच्या कोपऱ्यातील rryy. म्हणून स्वरूपविधेचे प्रमाण ९ : ३ : ३ : १. या मोजणीचा ताळाही सहज घेता येतो. केवळ आकार पाहिला तर गोल घरे बारा व सुरकुतलेली चार, केवळ रंग पाहिला तर पिवळी बारा व हिरवी चार, म्हणजे दोन्हीकडे तीनास एक. हे न जुळल्यास घरे पुन्हा तपासावी.

ही सोळा घरे म्हणजे सोळा बिया नव्हेत, हेही ध्यानात असावे. घरे संभाव्यतेचे भाग दाखवितात, आणि त्या भागांची प्रचीती बियांची संख्या मोठी असली तरच येते. मेंडेल यांना पंधरा संकरित झाडांपासून ५५६ बिया मिळाल्या. त्यांत गोल-पिवळ्या ३१५, सुरकुतलेल्या-पिवळ्या १०१, गोल-हिरव्या १०८ आणि सुरकुतलेल्या-हिरव्या ३२ होत्या; चौकटीप्रमाणे त्या अनुक्रमे सुमारे ३१३, १०४, १०४ आणि ३५ भरावयास हव्या होत्या.

परंतु चौकटीची मर्यादाही तिच्या समासातच आहे, आणि ती ज्यांच्या नजरेस प्रथम आली त्यांत स्वतः पनेट होते. बेटसन व पनेट यांनी स्वीट पी या फुलझाडात जांभळे फूल व लांबट पराग हे लाल फूल व गोल पराग यांच्याशी संकरित केले, तेव्हा दुसऱ्या पिढीतील ६९५२ झाडांपैकी जांभळी-लांबट ४८३१, जांभळी-गोल ३९०, लाल-लांबट ३९३ आणि लाल-गोल १३३८ आढळली. चौकटीच्या हिशेबाने शेवटच्या वर्गात सुमारे ४३५ आणि मधल्या दोन वर्गांत प्रत्येकी सुमारे १३०४ झाडे असावयास हवी होती. तरीही वर सांगितलेला ताळा घेऊन पाहा: जांभळी ५२२१ आणि लाल १७३१, लांबट ५२२४ आणि गोल १७२८, म्हणजे प्रत्येक लक्षण एकेकटे तीनास एक या नियमाशी प्रामाणिक आहे. तेव्हा प्रभावी-अप्रभावी या कल्पनेत दोष नाही आणि मोजणीतही नाही. दोष आहे तो चार युग्मके समप्रमाणात असतात या गृहीतात. मूळ जनकांकडून एकत्र आलेली जनुके येथे बहुधा एकत्रच राहिली आणि नव्या जोड्या थोड्याच झाल्या. म्हणून स्वतंत्र ताळा जुळतो आणि संयुक्त प्रमाण मात्र बिघडते असे ज्या संकरात दिसेल, तेथे घरे खोडण्याऐवजी समासातील चार जोड्यांना निरनिराळे भाग द्यावे लागतात. ते भाग किती आणि का, हे मॉर्गन यांच्या फळमाश्यांवरील संशोधनाच्या आधारे पुढील लेखांकात पाहू.