भाग्यलक्ष्मीच्या मुली सज्ञान होताना

कर्नाटक सरकारची भाग्यलक्ष्मी योजना २००६-०७ मध्ये सुरू झाली. ३१ मार्च २००६ नंतर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबात मुलगी जन्मली की तिच्या नावावर सरकार एकरकमी ठेव ठेवी. एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत हा लाभ होता. ही रक्कम आयुर्विमा महामंडळाकडे गुंतवली जाई आणि घरच्यांच्या हाती मुलीच्या नावाचा बाँड येई. बीदर जिल्ह्यातल्या औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद या तालुक्यांत कन्नडबरोबर मराठीही घरची भाषा आहे. तिथल्या कितीतरी घरांत हा बाँड जन्मदाखला आणि रेशन कार्डासोबत जपून ठेवलेला असतो. या योजनेतल्या पहिल्या मुली एप्रिल २०२४ पासून अठरा वर्षांच्या होऊ लागल्या, आणि अठरा वर्षांपूर्वी ठेवलेला पैसा हातात येण्यासाठी कागदावर काय बदलावे लागते, हा प्रश्न गावोगाव उभा राहिला.

सुरुवातीच्या मुलींसाठी ठेव १०,००० रुपयांची होती आणि मुदतीअंती मिळणारी रक्कम ३४,७५१ रुपये. पुढे योजनेत बदल झाला. १ ऑगस्ट २००८ पासून जन्मलेल्या मुलींपैकी कुटुंबातल्या पहिलीसाठी १९,३०० आणि दुसरीसाठी १८,३५० रुपये ठेवले जाऊ लागले. त्यांची मुदतीची रक्कम अनुक्रमे १,००,०९७ आणि १,००,०५२ रुपये ठरली. त्यामुळे जुलै २००८ मध्ये जन्मलेली मुलगी आणि ऑगस्टमध्ये जन्मलेली तिची मैत्रीण यांच्या बाँडांत जवळपास तिपटीचा फरक आहे. लाखाच्या बाँडांची मुदत ऑगस्ट २०२६ पासून भरते.

रक्कम मिळण्याच्या अटी जन्मापासूनच ठरलेल्या होत्या. जन्माची नोंद वर्षाच्या आत झालेली असावी, लसीकरण व्हावे, मुलगी किमान आठवीपर्यंत शिकलेली असावी, ती बालमजुरीला लागलेली नसावी आणि अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी तिचे लग्न झालेले नसावे. मुदत भरली की मूळ बाँड, आधार, शिक्षणाचा दाखला आणि पासबुकाची प्रत घेऊन महिला व बालविकास खात्याच्या तालुका कार्यालयात, म्हणजे लोक ज्याला सीडीपीओ ऑफिस म्हणतात तिथे, अर्ज द्यावा लागतो. पैसे रोख मिळत नाहीत, ते मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात येतात. बहुतेकींची अडचण इथेच सुरू होते, कारण शिष्यवृत्तीसाठी लहानपणी उघडलेले ते खाते अजून ‘अज्ञान’ या नोंदीखाली आणि आई किंवा वडिलांच्या सहीवर चाललेले असते.

कायद्याच्या दृष्टीने वय केव्हा पूर्ण होते, हे १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यात आहे. जन्माचा दिवस पूर्ण धरला जातो आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडताच व्यक्ती सज्ञान होते. न्यायालयाने पालक नेमलेल्या मुलांसाठी पूर्वी ही मर्यादा एकवीस वर्षांची होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढली आणि सर्वांसाठी अठरा वर्षे हेच वय झाले. अज्ञान मुलाला स्वतः करार करता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने पालक सही करतो. सहीचा हा अधिकार मुलाच्या वयावर उभा असतो, त्यामुळे त्या दिवसापासून तो आपोआप संपतो. त्यानंतर आईच्या सहीवर बँकेने पैसे दिले तर ते अधिकार नसलेल्या व्यक्तीच्या हुकमावर दिल्यासारखे होते. म्हणून बँका वाढदिवसाच्या तारखेला अशा खात्यातून पैसे काढणे थांबवतात. जमा मात्र होत राहते.

पालक म्हणून सही कोणाची, यातही या काळात बदल झाले. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ मध्ये वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई अशी भाषा आहे. १९८० च्या दशकात गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोख्यांसाठी केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने वडिलांच्या सहीअभावी स्वीकारला नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘नंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, वडील लक्ष घालत नसतील किंवा सोबत नसतील तेव्हाही आई नैसर्गिक पालक असते, असा निकाल न्यायालयाने फेब्रुवारी १९९९ मध्ये दिला. मे २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवण्याची मुभा दिली. एप्रिल २०२५ च्या सूचनांनी हे सारे नियम एकत्र केले. कोणत्याही वयाच्या मुलाचे खाते आईला पालक करून उघडता येते आणि मूल सज्ञान होण्याआधीच बँकेने त्याला पुढच्या गरजा कळवाव्यात, असे त्यांत सांगितले आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत करायचे बदल असे आहेत. खातेदाराने स्वतः शाखेत जाऊन नवा फोटो आणि आजच्या नियमांप्रमाणे ओळख-पत्त्याची कागदपत्रे द्यायची असतात. नमुना सही नव्याने घेतली जाते, आणि ही सही तिची असावी लागते. खाते पालकाने चालवलेले असेल तर त्या दिवशीची शिल्लक मान्य असल्याची खातरजमा होते. यामुळे पालकाच्या काळातल्या व्यवहारांचा हिशेब तिथेच मिटतो. त्यानंतर खाते कोण चालवणार याची नवी सूचना नोंदवली जाते, पालकाचे नाव निघते आणि पासबुक बदलते. आईवडिलांच्या मोबाइल क्रमांकाऐवजी मुलीचा क्रमांक जोडला जातो. वारस म्हणून पालकाने कोणाचे नाव दिले होते, तेही तिने पाहून स्वतः ठरवायचे असते. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते. म्हणून पॅन असेल तर दुरुस्तीचा अर्ज करून तेही नवे करून घ्यावे लागते.

यात एक गोष्ट सहज सुटते. अज्ञान मुलाने स्वतः चालवलेल्या खात्याला बँकेने रकमेची मर्यादा घातलेली असू शकते. कागदपत्रांशिवाय उघडलेल्या ‘लहान खात्या’त तर शिल्लक ५०,००० रुपयांवर जाऊ देत नाहीत आणि वर्षभरातली एकूण जमा एक लाखापर्यंतच चालते. अशा खात्यात बाँडचे १,००,०९७ रुपये बसत नाहीत. म्हणून आधी खात्याची नोंद बदलायची आणि मगच त्या खात्याचा क्रमांक सीडीपीओ कार्यालयात द्यायचा, हा क्रम पाळावा लागतो.

सीमाभागात जुनी पासबुके आणखी एक घोळ घालतात. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. गुलबर्ग्यात मुख्यालय असलेली कृष्णा ग्रामीण बँक २०१३ मध्ये प्रगती ग्रामीण बँकेशी एकत्र येऊन प्रगती कृष्णा ग्रामीण बँक झाली, आणि २०१९ पासून तिच्या वारसदार बँकेचे नाव कर्नाटक ग्रामीण बँक आहे. २०१२ मध्ये पहिलीत असताना उघडलेल्या खात्याच्या पासबुकावर आज अस्तित्वात नसलेल्या बँकेचे नाव आणि जुना आयएफएस कोड असतो. खाते बंद झालेले नसते. मात्र अर्जासोबत त्या पासबुकाची प्रत जोडली तर रक्कम परत जाण्याची भीती राहते. नोंद बदलताना नवे पासबुक घेतले की हा धोका टळतो.

एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा औराद तालुक्यातल्या एका गावात २३ सप्टेंबर २००६ रोजी मुलगी जन्मली. जन्मदाखल्यावर आणि बाँडवर हीच तारीख आहे. शाळेत घालताना मात्र गुरुजींनी, पुष्कळ मुलांची लिहितात तशी, १ जून २००६ ही तारीख लिहिली. बँकेत खाते शाळेच्या दाखल्यावर उघडले गेले. त्यामुळे बँकेच्या संगणकात ती १ जून २०२४ ला सज्ञान झाली आणि आईच्या सहीवर पैसे निघणे बंद झाले. बाँडची मुदत मात्र २३ सप्टेंबरला भरणार होती. शिवाय अंगणवाडीच्या कन्नड नोंदीवरून बाँडवर इंग्रजीत उतरलेले नाव एक, आणि मराठी शाळेच्या दाखल्यावरून आधारवर उतरलेले दुसरे. एकीकडे वडिलांचे नाव मधे येते, दुसरीकडे केवळ आद्याक्षर.

अशा वेळी पाया जन्मदाखल्याचा धरावा, कारण बाँड त्यावरच निघालेला आहे. आधारवरची जन्मतारीख जन्मदाखला दाखवून दुरुस्त करता येते, पण ही संधी साधारणतः एकदाच मिळते, म्हणून नाव आणि तारीख एकाच फेरीत नीट करून घ्यावी. मग त्या आधारवर बँकेची नोंद बदलावी. शेवटी बाँड, आधार आणि नवे पासबुक शेजारी ठेवून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवरची तारीख परीक्षेनंतर बदलणे अवघड असते. तिथे फरक राहिला तर तो अर्जासोबत लेखी मांडावा.

खाते अजून अज्ञानच आहे हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. पासबुकाच्या पहिल्या पानावर पालकाचे नाव असते, शिष्यवृत्ती जमा होते पण पैसे काढण्याची चिठ्ठी परत येते, आणि व्यवहाराचे संदेश वडिलांच्या मोबाइलवर जातात. पुण्याला किंवा हैदराबादला कामासाठी गेलेल्या कुटुंबांत हे खाते तसेच पडून राहते. दोन वर्षे खातेदाराचा व्यवहार नसला तर ते निष्क्रिय होते. दहा वर्षे हक्क कोणी सांगितला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जाते. तिथूनही ती मागता येते, पण त्यासाठी पुन्हा केवायसी करावीच लागते.

इतर गुंतवणुकींतही तत्त्व हेच आहे. म्युच्युअल फंडात मुलाच्या नावाने चालू असलेली एसआयपी अठराव्या वाढदिवसापासून थांबते. केवायसी, नवी सही आणि खातेदाराच्या नावाचे बँक खाते नोंदवून ‘अज्ञान’चे ‘सज्ञान’ होईपर्यंत नवा व्यवहार होत नाही. करातही फरक पडतो. त्या दिवसापर्यंतचे व्याज सामान्यतः आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवले जाते, पुढचे मुलीचे स्वतःचे ठरते.

२०२०-२१ पासून भाग्यलक्ष्मी योजना सुकन्या समृद्धी खात्याशी जोडली गेली. आता सरकार टपाल खात्यात दरवर्षी ३,००० रुपये याप्रमाणे पंधरा वर्षे भरते, आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत भरते. त्यामुळे या मुलींच्या अठराव्या वाढदिवसाला पूर्ण रक्कम मिळणार नाही. त्या दिवशी त्यांना खाते स्वतःच्या सहीवर घ्यावे लागेल, आणि शिक्षणासाठी हवी असेल तर निम्म्यापर्यंत रक्कम काढता येईल. त्यांतल्या पहिल्या मुली २०३८ मध्ये अठरा वर्षांच्या होतील.